कर्मचारी कर्ज: सपाट व्याज की घटत्या शिलकीवरचे?

60,000 चे कर्ज, 12 हप्ते, वार्षिक 12 टक्के. सपाट पद्धतीत एकूण व्याज 7,200 आणि दरमहा कपात 5,600, म्हणून पगारपत्रक सोपे. घटत्या शिलकीवर मुद्दल दरमहा 5,000 ठेवले, तर व्याज 600 पासून दरमहा 50 ने उतरते. एकूण 3,900.

खरा फरक मुदतपूर्व परतफेडीत दिसतो. सहा हप्त्यांनंतर दोन्हीकडे मुद्दल 30,000 च उरते. पण सपाट पद्धतीत ईआरपी उरलेले हप्ते जोडून 33,600 मागू शकते. त्यातले 3,600 पुढचे, अजून न लागलेले व्याज असते. ते माफ करायचे का, हे धोरणात आधीच लिहा. आमची पसंती घटत्या शिलकीला.

दोन्हींत कर्ज बंद करण्यापूर्वी पगाराचा मसुदा तपासा. त्यात सातवा हप्ता आधीच आला असेल, तर दुहेरी वसुली होऊन कर्जखात्यात उणे शिल्लक दिसते.