लॅपटॉपचं बिल: पणजीच्या काउंटरवरचं, ऑनलाइनचं की बेळगावचं?

फ्रीलान्सरच्या लॅपटॉपचं बिल दोन ठिकाणी तपासलं जातं. कर खात्याला बघायचं असतं की कोणी, कोणाला, किती कर लावून विकलं. सर्व्हिस सेंटरला बघायचं असतं की समोर आलेलं नेमकं हेच यंत्र कुठल्या तारखेला विकलं गेलं. जीएसटीच्या नियम 46 मध्ये बिलावर काय काय हवं ते सगळं दिलेलं आहे, पण त्यात यंत्राचा सीरियल नंबर नाही. त्यामुळे कराच्या दृष्टीनं निर्दोष असलेलं बिल वॉरंटीला अपुरं पडू शकतं, आणि उलटही घडतं. लॅपटॉप कुठून घ्यायचा हे ठरवताना त्या दुकानाचं बिल दोन्हीकडे चालेल का, हे आधी बघा.

त्याआधी आपली जीएसटी नोंदणी आहे की नाही, हा प्रश्न येतो. गोव्यात फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. म्हापशातली एक ग्राफिक डिझायनर 70,800 रुपयांचा लॅपटॉप घेते असं धरू. त्यात मूळ किंमत 60,000 आणि 18 टक्के जीएसटी 10,800.

ती नोंदणीकृत असेल आणि बिलावर तिचा जीएसटी क्रमांक असेल, तर 10,800 रुपये इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतात आणि हिशोबात लॅपटॉपची किंमत 60,000 धरली जाते. त्यावर 40 टक्के घसारा, म्हणजे पहिल्या वर्षी 24,000. नोंदणी नसेल तर पूर्ण 70,800 वर घसारा निघतो, 28,320 रुपये. कराच्या रकमेवर क्रेडिटही घ्यायचं आणि घसाराही लावायचा, असं मात्र चालत नाही. त्या आर्थिक वर्षात लॅपटॉपचा वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर घसारा निम्म्यावर येतो. म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये वाचलेल्या पैशांची तुलना सप्टेंबरअखेर मिळणाऱ्या किमतीशी करताना हा फरकही मोजावा.

दोन अपवाद आधीच सांगून ठेवतो. जे 44ADA म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवतात, त्यांना लॅपटॉपचा वेगळा घसारा मिळत नाही. तो उरलेल्या निम्म्यात धरलेलाच असतो. त्यांना हे बिल वॉरंटीसाठी आणि नोंदणी असल्यास क्रेडिटसाठी लागतं. दुसरे म्हणजे परदेशी ग्राहकांना एलयूटी या हमीपत्रावर, कर न भरता सेवा देणारे. गोव्यात असं काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना साठलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो, पण भांडवली वस्तूंवरचं क्रेडिट त्यात धरत नाहीत. लॅपटॉपचे 10,800 खात्यात पडून राहतात आणि देशातल्या ग्राहकांच्या कामावर कर भरावा लागेल तेव्हाच वापरता येतात. ज्यांचं सगळं काम बाहेरचं आहे, त्यांनी हे पैसे लगेच सुटतील असं धरून किमतीचा हिशोब करू नये.

आता तीन ठिकाणची बिलं शेजारी ठेवू.

| | पणजी किंवा मडगावचं दुकान | ऑनलाइन, डिलिव्हरी गोव्यात | बेळगावचं काउंटर |
|---|---|---|---|
| बिलावरचा कर | सीजीएसटी 5,400 + गोव्याचा एसजीएसटी 5,400 | विक्रेता राज्याबाहेरचा असेल तर आयजीएसटी 10,800 | बहुधा सीजीएसटी + कर्नाटकचा एसजीएसटी |
| गोव्याच्या नोंदणीवर क्रेडिट | मिळतं | मिळतं | असा कर लावला असेल तर नाही |
| सीरियल नंबर | सांगितला की लिहून देतात | कधी असतो, कधी नसतो | सांगितला की लिहून देतात |
| चूक दुरुस्ती | समोरासमोर | पैसे भरल्यावर अवघड | पुन्हा जावं लागतं |

बेळगावच्या रकान्यात अनेक जण फसतात. बिलावर क्रमांक आपलाच, म्हणजे 30 ने सुरू होणारा गोव्याचा. दुकानाचा 29 चा. आणि लावलेला कर कर्नाटकचा. हे बिल GSTR-2B मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या मासिक यादीत, दिसलं तरी क्रेडिट अपात्र म्हणून येतं. कोल्हापूर किंवा सावंतवाडीच्या काउंटरवर, जिथे क्रमांक 27 ने सुरू होतो, तीच गत. नोंदणी नसलेल्याला यानं काहीच फरक पडत नाही. त्याला स्वस्त मिळालं तर खुशाल घ्यावं.

ऑनलाइन घेताना जीएसटी क्रमांक पैसे भरण्याआधी टाकायचा. तो राहिला की विक्री नोंदणी नसलेल्या ग्राहकाला केलेली म्हणून नोंदली जाते आणि 2B मध्ये येतच नाही. ऑर्डरची पावती किंवा डिलिव्हरी चलन म्हणजे बिल नव्हे. ज्या विक्रेत्यानं माल पाठवला त्याच्या नावाचं टॅक्स इनव्हॉइस उतरवून घ्या. गावातल्या लहान दुकानात वेगळी अडचण येते. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर तो ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. त्यावर कर वेगळा लिहिलेला नसतो आणि क्रेडिटही नसतं. हे दर ठरवण्याआधीच विचारून घ्यावं.

नोंदणी नसली तरी बिलावर नाव हवंच. काउंटरवर सवयीनं ‘कॅश’ असं नाव टाकतात, पण कराआधीची किंमत 50,000 किंवा त्याहून जास्त असेल तर ग्राहकाचं नाव आणि पत्ता नियमानंच लागतो. नाव पॅनवर आहे तसंच घ्या आणि पैसे त्याच नावाच्या बँक खात्यातून द्या. एका दिवसात एकाच माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठीच्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे 70,800 रोख मोजून घेतलेल्या लॅपटॉपवर घसारा शून्य, बिल कितीही चोख असलं तरी.

वॉरंटीसाठी मॉडेलचं पूर्ण नाव, सीरियल नंबर आणि तारीख लागते. कंपनीच्या नोंदीत वॉरंटी बऱ्याचदा माल त्यांच्याकडून निघाल्याच्या तारखेपासून मोजलेली असते. लॅपटॉप दुकानात चार महिने पडून असेल तर चार महिने आधीच गेलेले असतात. ही तारीख दुरुस्त करायला कंपनी बिल मागते, आणि त्यावर सीरियल नंबर नसेल तर ते याच यंत्राचं आहे हे दाखवायला काही उरत नाही. म्हणून खोका दुकानातच उघडा आणि खोक्यावरचा, यंत्राच्या तळाचा आणि बिलावरचा नंबर जुळवा. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून यंत्रातला नंबर असा बघता येतो:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

त्याच दिवशी हा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहा. ऑनलाइन बिलावर नंबर नसेल तर विक्रेत्याकडून लेखी मागा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो बिलासोबत ठेवा. थर्मल कागदावरचं बिल गोव्याच्या दमट हवेत पावसाळाभर टिकेलच असं नाही, त्यामुळे स्कॅनही लगेच करा.

धंद्याच्या नावानं बिल घेतलं तर ग्राहक म्हणून हक्क जातो, ही भीती अनेकांना असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरलेली वस्तू त्यात मोडत नाही. जीएसटी क्रमांक असलेलं बिल घेऊनही फ्रीलान्सर ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो.

नोंदणीकृत फ्रीलान्सरला आमचा सल्ला गोव्यातल्या दुकानाचा. किंमत थोडी जास्त पडली तरी क्रमांक आणि सीरियल दोन्ही समोर तपासता येतात, आणि चूक झाली तर बिल दुरुस्त करायला माणूस समोर असतो. ऑनलाइनमध्ये दोन-तीन हजारांच्या वर वाचत असतील आणि क्रमांक आधी टाकता येत असेल, तर तेही योग्य. मात्र पुढच्या महिन्यात 14 तारखेनंतर 2B उघडून बिल आलं का ते बघा. नसेल तर लगेच विक्रेत्याला लिहा. त्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट घ्यायची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंतच असते.