तयार ग्रेनची क्लिप की शॉटचाच नॉईज? राजहंसगडावरच्या दीपमाळेचा अनुभव

येळ्ळूरच्या राजहंसगडावर दिवेलागणीला घेतलेला एक शॉट माझ्याकडे आला. कॅमेरा ट्रायपॉडवर, फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम. उजेड कमी म्हणून आयएसओ चांगलाच चढवलेला, त्यामुळे सावलीत नॉईजचे बारीक दाणे वळवळत होते. तटाच्या भिंतीपुढे संगणकात बनवलेली दीपमाळ बसवायची होती. दगड आणि प्रकाश सगळं जमलं होतं, तरी दीपमाळ चिकटवल्यासारखी दिसत होती.

"वरून ग्रेनची क्लिप टाक की!" खानापूरचा माझा मित्र म्हणाला. बरेच जण तेच करतात, म्हणून आधी तेच करून पाहिलं.

तयार क्लिप म्हणजे करड्या पडद्यावरचा फिल्मचा ग्रेन. ती Overlay मोडमध्ये टाकायची, पाच मिनिटांचं काम. पण ती पूर्ण फ्रेमवर टाकली की मूळ चित्रावर आधीचा नॉईज अधिक हा नवा ग्रेन असे दोन थर बसतात आणि दीपमाळेवर एकच, म्हणजे फरक तसाच राहतो. म्हणून ती फक्त दीपमाळेच्या अल्फापुरती, म्हणजे तिच्या आकारापुरतीच ठेवली, तर दुसरी अडचण आली. Overlay मध्ये खालचा रंग जितका काळा, तितका वरच्या ग्रेनचा परिणाम कमी होतो आणि पूर्ण काळ्यावर तो शून्यच असतो. कॅमेऱ्याचा नॉईज मात्र डोळ्यांना सर्वांत जास्त काळोख्या भागातच जाणवतो. माझी दीपमाळ काळ्या दगडाची! जिथे दाणा हवा, नेमकी तिथेच ती गुळगुळीत राहिली.

मग दुसरा मार्ग धरला: त्याच शॉटचा नॉईज काढून दीपमाळेवर घालायचा. कॅमेरा हलत नव्हता, त्यामुळे पैसे देऊन डीनॉईजर घ्यायची गरज पडली नाही. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरच्या FrameBlend ने १६ फ्रेमची सरासरी काढली. नॉईज दर फ्रेमला बदलतो, भिंत बदलत नाही. म्हणून १६ फ्रेमच्या सरासरीत नॉईज साधारण चौथाईवर येतो. मूळ फ्रेममधून ही स्वच्छ फ्रेम वजा केली की उरतो तो नॉईज.

हेच आफ्टर इफेक्ट्समध्ये करत असाल तर प्रोजेक्ट ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. वजाबाकीत निम्मे आकडे ऋण येतात. ८ बिटमध्ये ते शून्यावर कापले जातात आणि नॉईज चित्रात परत घातल्यावर ते उगाच उजळतं.

वजाबाकीचं चित्र उजळवून बघा. त्यात भिंतीचे सांधे दिसले तर कॅमेरा थोडा हलला आहे. माझ्या शॉटमध्ये सांधे आले नाहीत, पण तळाशी वाऱ्याने हलणारं गवत आलं. तो भाग मी घेतला नाही. दीपमाळेमागे बरंचसं आकाश होतं आणि आकाशाचा नॉईज काळ्या दगडावर शोभत नाही. म्हणून शेजारच्या भिंतीवरचा, तितक्याच काळोखाचा तुकडा सरकवून दीपमाळेखाली आणला आणि तिच्या अल्फाने कापून तिच्यावर घातला. ज्योतींवर तो पुसून टाकला, कारण खऱ्या चित्रीकरणात अशी पांढरी फट्ट जळालेली जागा सपाटच दिसते.

याआधी एक काम केलं होतं, तेही सांगतो, नाहीतर दोन्ही मार्ग फुकट जातील. फ्रेम आठपट मोठी करून पाहिलं, तर भिंतीची कड आकाशाला मिळताना तीन पिक्सेल घेत होती आणि दीपमाळेची कड एकाच पिक्सेलमध्ये संपत होती. दोन्ही कडा सारख्या होईतो दीपमाळ ब्लर केली, मगच नॉईज घातला. क्रम उलटा झाला तर ब्लर नॉईजलाही पसरवतो आणि दाण्यांचे डाग होतात.

तपासताना फक्त निळं चॅनल बघा. तिथे नॉईज बहुधा सर्वांत जाडाभरडा असतो, त्यामुळे न जुळलेली जागा लगेच उघडी पडते. आणि शॉट चालवून बघा. थांबलेल्या फ्रेमवर विश्वास ठेवू नका.

तर कोणता मार्ग घ्यायचा? कॅमेरा स्थिर, वस्तू काळोखी आणि काम प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल, तर शॉटचाच नॉईज घ्या. माझे यात दोन तास गेले आणि ते सार्थकी लागले. मंडळाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरणार असेल, तर ते कॉम्प्रेशनच बारीक दाणा खाऊन टाकतं. तिथे क्लिप पुरते, फक्त अल्फापुरती ठेवा आणि क्लिप चित्राच्याच रिझोल्यूशनची घ्या, कारण ताणली की दाणा मोठा होतो. कॅमेरा हातात धरलेला असेल तर सरासरीचा मार्ग बंद होतो. तेव्हा आफ्टर इफेक्ट्सच्या Match Grain ला चित्रातली सपाट जागा नमुना म्हणून द्या.

चित्रीकरणाला तुम्ही स्वतः हजर असाल, तर कॅमेरामनला एवढंच सांगा: शॉट संपला तरी कॅमेऱ्याला हात न लावता आणखी दोन सेकंद चालू ठेवा. त्यात ५० फ्रेम मिळतात, आणि त्यांत कलाकार फ्रेमबाहेर गेलेले असतात.