निफाडची थंडी, स्कूटर आणि टचचे हातमोजे : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीनंतर घेतलेले, न काढता फोन चालवता येणारे हातमोजे मार्चच्या तोंडाशी धुऊन कपाटात ठेवले, तेव्हा डाव्या तर्जनीचा टच बंद पडला होता, उजव्या तर्जनीचा अर्धवट चालत होता आणि दोन्ही अंगठे मात्र ठणठणीत होते. असं का झालं हे कळलं तर कोणते हातमोजे घ्यायचे आणि कसे वापरायचे यातलं बरंच कळतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझा वापर सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळतो का ते बघता येईल. द्राक्षबागांना भेटी देणं हे माझं काम. नाशिकहून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघायचं, कधी दिंडोरीकडे, कधी निफाडकडे. बागेचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, वाटेत दोनतीन फोन, पंपावर यूपीआय, बागेत गेल्यावर घडांचे आणि पानांचे फोटो. म्हणजे हात गार वाऱ्यात आणि फोन सतत लागणारा. पारा 8 अंशांवर असेल आणि स्कूटर ताशी 40 ने चालली असेल, तर उघड्या कातडीला तो वारा साधारण 3 अंशांसारखा लागतो. निफाडचा पारा त्याहूनही खाली जातो, तेव्हा काय होत असेल ते बघा.

पहिली जोडी विणलेल्या लोकरीची, बोटांच्या टोकांना राखाडी धागा असलेली, दोनशे रुपयांच्या आतली. फोनवर उत्तम चालते, कारण कापड पातळ आणि बोटाला चिकटून बसणारं. पण विणीच्या भोकांतून वारा सरळ आत येतो आणि रबरी ग्रिपवर हात घसरतो. पायी फिरायला ठीक, स्कूटरला नाही. दुसरी जोडी चामडी तळव्याची, बाइकवाल्यांची, जाड अस्तराची. ऊब आणि पकड दोन्ही झकास, पण टच नावापुरता. तिसरी म्हणजे ही जोडी, जिच्याबद्दल लिहितोय: वरून वारा अडवणारं ताणलं जाणारं कापड, आत पातळ फ्लीस, तळव्यावर सिलिकॉनचे ठिपके, अंगठा आणि तर्जनीला टचची टोकं. साडेआठशे रुपयांना शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये मिळाली. विक्रेता म्हणाला, ‘‘दादा, टच चालतो, बिनधास्त घ्या.’’ चालतो, हे खरं. कधी आणि किती, हा पुढचा प्रश्न.

फोनच्या काचेखाली विद्युतभाराची बारीक जाळी असते. बोट टेकलं की त्या जागचा भार थोडा बदलतो आणि फोनला ‘इथे स्पर्श झाला’ हे समजतं. बोट हे वीजवाहक, कापड नाही. म्हणून साध्या हातमोज्याने काही होत नाही. टचच्या टोकांत चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा किंवा तसाच वीजवाहक धागा विणलेला असतो, आणि तो कातडीपासून काचेपर्यंत वाट तयार करतो. ही वाट अखंड हवी. बोटाचं टोक आणि हातमोज्याचं टोक यांत पोकळी राहिली किंवा मध्ये जाड अस्तर आलं, की वाट तुटते. माझ्या चामडी जोडीचं दुखणं नेमकं हे होतं: बाहेरचं टोक वीजवाहक, पण आत फ्लीसची गादी.

त्यामुळे ऊब, पकड आणि टच यांची सगळी ओढाताण बोटाच्या शेवटच्या पेरावर होते. ऊब म्हणते अस्तर घाला, टच म्हणतो काढा, आणि ब्रेकला त्याच पेरात लिव्हर जाणवायला हवा. हा झगडा सोडवायला मापाइतकं काही उपयोगी पडत नाही. अंगठा सोडून तळव्याचा घेर बोटांच्या मुळाशी टेपने मोजा; इंचांत जो आकडा येतो तोच साधारण हातमोज्याचा नंबर. माझा सव्वाआठ आला, आठ नंबर बसला. पण घेर जुळूनही बोटं लांब पडू शकतात. दुकानात मूठ आवळून, मग हात सरळ करून बघा: टोकापुढे कापड चिमटीत येत असेल तर ती जोडी टचसाठी बाद. अगदी नखाला टोचणारीही नको. रक्त दाबलं की बोट लवकर गारठतं.

दुकानात बहुतेक जण स्क्रीनवर बोट सरकवून बघतात. सरकवणं सर्वात सोपं, त्यावर जाऊ नका. कॉलच्या पॅडवर दहा आकडी नंबर टाकून बघा. सलग दोनदा बिनचूक आला तर टच खरा. यूपीआयचा पिन टाकताना हीच परीक्षा असते, आणि पंपावर मागे रांग असते. बोटांच्या ठशाने फोन उघडणार नाही, कोणत्याच हातमोज्यात नाही; सेन्सर ठशाच्या रेषा वाचतो आणि धाग्याला रेषा नसतात. म्हणून हिवाळ्यापुरतं मी पिन लावून घेतला. मराठी कीबोर्डवर जोडाक्षरं टाइप करायच्या भानगडीत पडू नका, आवाजी मेसेज पाठवा. आणि फोटोसाठी व्हॉल्यूमचं बटण दाबा, त्याला टच लागतच नाही. हे मला एका बागाईतदाराच्या मुलाने दाखवलं. त्याचे हातमोजे साधे कापडी होते.

काचेवर जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर टच आणखी मंदावतो. माझ्या फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये Touch sensitivity आहे, ते चालू केल्यावर फरक लगेच पडला. उलट बाजू अशी की खिशात ठेवलेला फोनही मग उगाच जागा होतो, म्हणून बागेत पोचल्यावर ते बंद करतो. सकाळी टच जास्त चुकतो. बोटं गार आणि कोरडी असतात. मूठ दोनचार वेळा आवळून, टोकांवर फुंकर मारून मग टेकवलं तर चालतो. दवाने टोक भिजलं असेल तर उलटाच त्रास: पाणीही वीजवाहक, त्यामुळे काचेवर एका जागी टेकवावं आणि फोनने तीन जागी ऐकावं.

आता तर्जनीचं. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात, आणि माझी सवय डाव्या लिव्हरची. धुक्यात ओझरच्या पुढे ट्रकच्या मागे जाताना तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर टेकलेलंच असतं. म्हणजे ज्या टोकाने फोन चालवायचा तेच टोक दिवसभर धातूवर घासलं जातं. चांदीचा मुलामा पातळ. जानेवारीत तिथली चमक गेली, मग टच दोनदा टेकवल्यावर लागू लागला, मग बंद. अंगठा ग्रिपला वेढा घालतो, इंडिकेटर आणि हॉर्न दाबतो, पण त्याचा मधला फुगीर भाग फारसा घासला जात नाही. म्हणून तो टिकला. नवी जोडी घेतल्या दिवसापासून फोन अंगठ्याने चालवायची सवय लावा. अंगठ्याला टच नसलेली, फक्त तर्जनीला असलेली जोडी स्कूटरवाल्याने घेऊच नये असं माझं मत.

टोकं काळी पडण्याचं आमच्याकडे आणखी एक कारण आहे. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी बागेत गंधक मारतात आणि गंधकाने चांदी काळवंडते. फवारलेल्या बागेत मी आता हातमोजे काढून पिशवीत ठेवतो.

मेलेली तर्जनी मी दुरुस्त केली. वीजवाहक धागा ऑनलाइन मिळतो. हातमोजा घालून, ज्या जागी बोट काचेला टेकतं तिथे पेनाने खूण केली, मग काढून तिथे छोट्या वाटोळ्या जागेत जवळजवळ टाके घातले. दोन गोष्टी सांभाळायच्या. टाका आरपार जाऊन आत कातडीला टेकला पाहिजे, आणि एकच ठिपका पुरत नाही. बोटाएवढा पसरट स्पर्श झाला तरच फोन दाद देतो. मी मटाराच्या दाण्याहून थोडी मोठी जागा भरली. टच परत आला. गाठ मात्र बोटाच्या नखाकडच्या बाजूला घ्या, खाली आली तर ब्रेक दाबताना टोचते.

पकडीबद्दल तक्रार कमी. सिलिकॉनचे ठिपके ग्रिपवर छान बसतात, पण अ‍ॅक्सिलरेटरच्या हाताचे, अंगठ्याच्या मुळाशी, फेब्रुवारीपर्यंत गुळगुळीत झाले. त्याहून महत्त्वाचं अस्तर. काही हातमोज्यांत आतलं फ्लीस बाहेरच्या कापडाला जोडलेलं नसतं. मूठ पिळली की हात आत फिरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर उशिरा फिरतो. घालून दुसऱ्या हाताने टोकं ओढा आणि हात बाहेर काढा: अस्तर उलटं होऊन बोटाबरोबर बाहेर आलं तर ती जोडी परत ठेवा.

ऊब: 10 अंशांपर्यंत अर्धा-पाऊण तास निभावते. त्याखाली करंगळीपासून बधिरता सुरू होते, आणि बधिर बोटांना ब्रेकचा दाब कळत नाही, तेव्हा थांबून चहा घेणं हाच उपाय. कफ जॅकेटच्या बाहीच्या आत घाला. मनगटाशी फट राहिली तर सगळा वारा आत. निफाडच्या कडक दिवसांत मी हँडलला कव्हर लावतो आणि आत हे हातमोजे. कव्हरात हात मोकळा, त्यामुळे जाड हातमोजा लागत नाही आणि टच वाचतो. मात्र कव्हर ढिलं असेल तर महामार्गाच्या वेगाला वारा त्याला लिव्हरवर दाबतो. मागच्या चाकाला ब्रेक घासत राहतो ते असंच. लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

फोन चालवणं म्हणजे गाडी कडेला लावून. चालवताना फोन हातात धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये बसतं. फोनची मुभा आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशी. मी निघतानाच लोकेशन लावतो आणि इअरफोनऐवजी होल्डरवरच्या फोनचा नकाशा वळणाआधी एकदा बघतो.

कारवाल्यांसाठी यातलं थोडंच लागू. हीटर दहा मिनिटांत हात गरम करतो, तोवर पातळ विणलेली जोडी पुरते, फक्त तळव्यावर ठिपके हवेत. नुसत्या लोकरीत स्टिअरिंग घसरतं. माझ्या भावाला ती दोनशेवाली जोडी दिली, तो खूश आहे.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, ब्लीच किंवा कपडे मऊ करणारं द्रव नाही, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो. वाळवणं सावलीत. पुढच्या हिवाळ्यात हीच जोडी परत घेईन, पण अंगठा आणि तर्जनीबरोबर मधल्या बोटालाही टच असलेली मिळाली तर तीच, थोडे पैसे जास्त गेले तरी.