चार्वाक, बौद्ध की नैयायिक? अनुमानाच्या भांडणात कोणाची बाजू घ्यावी

प्रत्यक्ष, अनुमान, व्याप्ती हे माहीत आहे असं धरून चालतो. मी बरीच वर्षं चार्वाकाच्या बाजूने होतो, आता तितकासा नाही, आणि तुम्ही अजून ठरवत असाल तर माझं मत कुठे आणि का फिरलं ते सांगतो.

चार्वाकाचा मुद्दा बरेच जण 'जे दिसतं तेवढंच खरं' इतक्यावर आटोपतात, पण खरी धार व्याप्तीच्या प्रश्नात आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे तुम्हाला कळलं कसं? डोळ्यांनी म्हणाल तर मागचे, पुढचे, लांबचे धूर तुम्ही पाहिलेले नाहीत. अनुमानाने म्हणाल तर त्या अनुमानालाही व्याप्ती लागणार, तिला परत दुसरी, आणि हे कुठे थांबतच नाही. वर उपाधीची भीती आहेच, म्हणजे अग्नीवरून धूर ओळखायला गेलात तर फसता, कारण धूर ओल्या लाकडामुळे येतो, तापलेल्या लोखंडात अग्नी असतो पण धूर नसतो. अशी लपलेली अट धुरावरून अग्नी ओळखतानाही नसेलच कशावरून? वृकपदाची गोष्टही याच धाटणीची, रात्री कोणीतरी धुळीत लांडग्याची पावलं उमटवतो आणि सकाळी शहाणी माणसं लांडगा येऊन गेला म्हणून खात्रीने सांगतात.

मला हे अगदी पटलं होतं, कारण मी स्वतः असा फसलो होतो. कॉफी प्यायलो की दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, हा माझा ठाम नियम होता. मग लक्षात आलं की मी कॉफी प्यायचो ती रात्री जागायचं असेल तेव्हाच, दिवसा प्यायलो तर काही होत नव्हतं आणि कॉफी न पिता जागलो तरी डोकं दुखायचंच. जागरण ही उपाधी. डोकेदुखी असेल तिथे जागरण होतंच, पण कॉफी असेल तिथे जागरण असेलच असं नाही.

बौद्धांचं उत्तर सुटसुटीत आहे. सातव्या शतकातला धर्मकीर्ती म्हणतो, सगळे धूर मोजत बसू नका, संबंध कसला आहे ते बघा. एक तर तादात्म्य, म्हणजे शिंशपा असेल तर ते झाड असणारच, नाहीतर तदुत्पत्ती, धूर अग्नीपासून जन्मतो म्हणून त्याच्याशिवाय नसतो. ऐकायला फार छान, पण कृत्तिका उगवल्या म्हणजे आता रोहिणी उगवणार हे आपण बरोबर ओळखतो, आणि त्या दोघींत ना तादात्म्य आहे ना एकीपासून दुसरीचा जन्म. बौद्ध यालाही ओढूनताणून कार्यकारणात बसवतात, मला तरी ते जमल्यासारखं वाटलं नाही. पण धर्मकीर्तीचा चार्वाकाला दिलेला टोला भारी आहे, की समोरच्याच्या मनात काय आहे हे तुला दिसत नाही, त्याच्या बोलण्यावरून तू ते ओळखतोस, मग वाद घालतोस कोणाशी?

आणि नैयायिक. दहाव्या-अकराव्या शतकातला उदयन म्हणतो, शंका घेतोस तेव्हाच अनुमान मान्य केलंस, कारण 'दुसऱ्या काळी, दुसऱ्या ठिकाणी बिघडेल' यातला तो काळ आणि ते ठिकाण तुला कुठे दिसलंय? आणि शंकेला शेवट आहे, जिथे ती तुझ्याच वागण्याला छेद देते तिथे. पुढे चौदाव्या शतकात गंगेश हे अजून साधं करतो, धूर हवा असला की तू अग्नीच पेटवतोस, भूक लागली की अन्नच घेतोस, तेव्हा कुठे जाते शंका?

माझं गाडं इथे फिरलं. चार्वाकाची एक गोष्ट मला सारखी खुपायची, त्याची शंका सगळीकडे एकाच मापाची असते. माझ्या कॉफीच्या नियमावर जेवढी, तेवढीच धूर-अग्नीवर. पण कॉफीचा नियम मोडला तो नुसत्या 'बिघडेल कदाचित' म्हणण्याने नाही, तर जागरण नावाची ठराविक गोष्ट सापडली म्हणून, आणि ती सापडली कॉफीशिवाय जागून आणि जागल्याशिवाय कॉफी पिऊन बघितल्यावर. नैयायिक हेच करायला लावतो: उपाधी दाखव, नाहीतर निदान कसली शंका येते ते सांग. चार्वाकाने ती शोधायला उभारी दिली हे खरं, पण सापडली काय न सापडली काय, त्याचं उत्तर तेच.

उदयनाने वाद संपवला असं मात्र मी म्हणणार नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने त्याचाच श्लोक थोडा फिरवून त्याच्यावर उलटवला, की वागण्यातला छेद दाखवायचा तर शंका मुळात असावीच लागते, मग छेद तिचा शेवट कसा? आणि वागतो म्हणून ते खरं ठरत नाही, हेही आहेच. शिवाय सगळे चार्वाक सारखे नव्हते. जयराशीच्या 'तत्त्वोपप्लवसिंह'मध्ये तर प्रत्यक्षही टिकत नाही, आणि उलट टोकाला पुरंदर, जो रोजच्या व्यवहारातलं अनुमान मान्य करतो, फक्त परलोकासारख्या कधीच न दिसणाऱ्या गोष्टींकडे ते नेऊ नका म्हणतो. त्यामुळे धूर-अग्नीपुरता मी उदयनाच्या बाजूला गेलोय, पण तोच उदयन जग हे कार्य आहे म्हणजे त्याला कर्ता असणारच असं अनुमान करून ईश्वरापर्यंत जातो, तिथे मला पुरंदरच जवळचा वाटतो, कारण कॉफी आणि जागरण मी वेगवेगळं करून बघितलं, जगाच्या बाबतीत तसं करून बघायला दुसरं जगच नाही.