रिटेन्शन ग्राफमधला खड्डा आणि पायरी: व्हिडिओ नेमका कुठे सुधारायचा?

व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती टक्के प्रेक्षक बघत होते हे दाखवणारा, यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या Analytics मधला रिटेन्शन ग्राफ उघडला की नजर सगळ्यात खोल घसरणीकडे जाते, आणि बहुतेकदा चूक तिथेच होते. घसरण किती खोल आहे यापेक्षा तिच्यानंतर रेषा परत वर येते का, हे आधी बघावं.

समजा, पुरणपोळीचा ८ मिनिटांचा व्हिडिओ आहे. २:१० ला ६० टक्के प्रेक्षक आहेत. पुढे रेषा ४५ वर उतरते आणि २:३५ ला पुन्हा ५७ वर येते. हा खड्डा. डाळ शिजण्याची वाट बघण्याचा भाग लोकांनी न बघता व्हिडिओ पुढे सरकवला, पण सोडला नाही. १५ टक्के गेल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात साधारण तीनच कमी झाले.

आता ४:४० बघा. रेषा ५० वरून ३९ वर येते आणि तिथून सपाट चालते. ही पायरी. उतरण ११ ची, म्हणजे दिसायला खड्ड्यापेक्षा लहान. पण त्या क्षणी बघत असलेल्या ५० पैकी ११ जण, म्हणजे २२ टक्के, कायमचे गेले. खड्ड्यात हाच हिशेब ६० पैकी ३, म्हणजे ५ टक्के. आधी पायरी दुरुस्त करायची, ती यासाठी. हा भागाकार दर वेळी करावा, कारण व्हिडिओच्या शेवटाकडे रेषा खाली असते आणि मोठं नुकसानही तिथे बारीक दिसतं.

दोन्हींवरचा इलाजही वेगळा आहे. खड्ड्यातला भाग स्टुडिओच्या एडिटरमध्ये कापता येतो. लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. पायरीचं कारण मात्र बहुधा तिच्या आधीच्या १०-१५ सेकंदांत असतं, म्हणून थोडं मागे जाऊन आवाजासकट ऐकावं. ‘तर अशी आपली पोळी तयार झाली’ हे वाक्य ४:३० ला आलं असेल, तर लोकांना व्हिडिओ संपल्यासारखाच वाटला. पुढे तूप आणि कटाची आमटी दाखवायची होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. अशा वेळी नुसतं कापून भागत नाही, पुढच्या व्हिडिओत क्रम बदलावा लागतो.

ग्राफवर Typical retention ही तुलनाही मिळते. ती तुमच्याच साधारण तेवढ्याच लांबीच्या मागच्या १० व्हिडिओंवरून काढलेली असते. ४:४० ची पायरी या व्हिडिओपुरती आहे का, हे तिच्यावरून छान कळतं. सुरुवातीबद्दल मात्र ती फसवू शकते. दहाही व्हिडिओंत ४० सेकंदांची प्रस्तावना असेल, तर पहिल्या ३० सेकंदांतली गळती ‘नेहमीसारखी’ दिसेल. ते ‘नेहमीसारखं’ही वाईटच असतं, म्हणून सुरुवात तपासताना तुलना बाजूला ठेवून ०:३० ला किती टक्के उरले तेवढंच बघावं.

खड्डा भरून निघाला तरी लगेच निश्चिंत होऊ नये. त्याच जागी चॅप्टरची खूण असेल, तर थेट तिथे उडी मारून आलेले लोकही रेषा वर नेतात आणि गेलेल्यांची जागा भरल्यासारखी दिसते.