आठवडा वाटून घ्यायचा की यादी? थोड्या मेलांची चाचणी

छोटा डिझाइन स्टुडिओ चालवणाऱ्या मैत्रिणीकडे १२० कंपन्यांची यादी आणि मेलचे दोन मसुदे आहेत. कोणत्या मसुद्याला जास्त उत्तरं येतात हे पाहायला या आठवड्यात ‘अ’ आणि पुढच्या आठवड्यात ‘ब’ पाठवावा, की एकाच दिवशी निम्मे-निम्मे, हा तिचा प्रश्न.

कष्ट पाहिले तर आठवडे वाटणं सोपं, पण न्याय्य नाही. मधे दिवाळी किंवा मार्चअखेर आली, की ‘ब’ विनाकारण हरतो.

यादी वाटायला तासभर जातो. आधी क्षेत्र आणि हुद्द्यानुसार क्रम लावा, मग सारख्या दोघांची जोडी करून नाणेफेकीने एकाला ‘अ’, दुसऱ्याला ‘ब’. वरचे ६० ‘अ’ला देऊ नका, यादीत वर बहुधा जास्त ओळखीची माणसं असतात. फॉलो-अप दोघांना सारखेच. उत्तरं कुठल्या तारखेपर्यंत मोजायची आणि ‘नको’ हे उत्तर धरायचं का, तेही आधीच ठरवा.

तरी आकडा जपूनच वाचा. समजा ‘अ’ला ३ आणि ‘ब’ला ७ उत्तरं आली. दहा वेळा नाणं उडवलं तरी ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण तीनातून एकदा लागतो. एक मसुदा खरंच सरस म्हणायला दहा उत्तरांत ८-२ सुद्धा पुरेसं नाही, ९-१ लागेल.

दर महिन्याला नवी यादी मिळत असेल तर जोड्या करा आणि तेच मसुदे ठेवून उत्तरं साठवत जा. यादी एकदाचीच असेल, तर चाचणी सोडा आणि मनाला पटलेला मसुदा सगळ्यांना धाडा.