तीन किलोवॅटच्या सोलरसाठी आलेली तीन कोटेशने : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

साताऱ्यातील आमच्या दुमजली घरावर वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेली तीन किलोवॅटची ऑन-ग्रिड सोलर यंत्रणा बसवून आता उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात पार पडली आहे. ५४० वॅटचे सहा पॅनेल आहेत. कडक उन्हाच्या महिन्यांत दरमहा साधारण चारशे युनिट निर्मिती झाली आणि ढगाळ दिवशी ती चार-पाच युनिटवर आली, म्हणजे जे अपेक्षित होते तेच घडले. पॅनेल वर्षागणिक किती मंदावतात, हे इतक्या वापरावरून सांगता येणार नाही. मात्र पैसे भरण्यापूर्वी कोटेशनमधील कोणत्या ओळी तपासल्या म्हणजे पुढचा मनस्ताप टळतो, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे, म्हणून हा अनुभव त्यापुरताच लिहितो.

आमच्याकडे तीन कोटेशने आली होती. पहिल्यावर ठळक अक्षरांत १,२०,००० रुपये, दुसऱ्यावर १,९८,००० रुपये आणि तिसऱ्यावर १,८५,००० रुपये होते. वरवर पाहणाऱ्याला पहिले अतिशय स्वस्त वाटेल, परंतु त्यातील आकडा ‘सबसिडी वजा जाता’ असा होता आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’ असे होते. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला मिळणारे ७८,००० रुपये यंत्रणा चालू झाल्यानंतर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे वेंडरला आधी पूर्ण रक्कमच द्यावी लागते. पहिल्या कोटेशनच्या आकड्यात ते ७८,००० पुन्हा धरले की मूळ किंमत १,९८,००० होते. त्यावर जीएसटी चढतो. सोलर यंत्रणेच्या करारात सत्तर टक्के रक्कम मालाची आणि तीस टक्के सेवेची धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावर ५ टक्के आणि सेवेवर १८ टक्के कर असल्याने एकूण भार ८.९ टक्के पडतो, म्हणजे इथे १७,६२२ रुपये. दुसऱ्या कोटेशनची रक्कम करासहित होती, त्यामुळे पहिले त्यापेक्षा नेमके तेवढ्याने महाग निघाले. जुन्या १२ टक्के दराने तयार केलेला नमुनाही काही जण अजून पुढे करतात, म्हणून कराचा दर कागदावर लिहिलेला असावा. मी तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारला : ‘नेट मीटर लागून वीज सुरू होईपर्यंत माझ्या खात्यातून तुमच्याकडे एकूण किती रुपये जातील?’

तिसऱ्या कोटेशनमध्ये गोम वेगळी होती. किंमत करासहित होती, पण पॅनेल ज्यावर बसवतात ते स्ट्रक्चर ‘छतापासून दीड फूट’ एवढेच होते. आम्हाला गच्चीवर वाळवण आणि ये-जा यांसाठी पॅनेल सात फूट उंच हवे होते, त्याचे १४,००० रुपये वेगळे. एसी केबल १५ मीटरपर्यंतच समाविष्ट होती. मी गच्चीपासून तळमजल्यावरील मीटरपर्यंत दोरीने मापले तर २८ मीटर भरले, म्हणजे १३ मीटर जादा, मीटरला १८० रुपयांप्रमाणे २,३४० रुपये. खांबांखालच्या काँक्रीटच्या पायांना ४,००० आणि नेट मीटरच्या प्रक्रियेला ३,००० रुपये. बेरीज केली तेव्हा १,८५,००० चे २,०८,३४० झाले. वेंडरने काही लपवले असे म्हणता येणार नाही, कारण सगळे ‘वगळलेल्या बाबी’ या मथळ्याखाली होते. तो मथळा मात्र शेवटच्या पानावर होता आणि तिथपर्यंत फारसे कोणी वाचत नाही. आम्ही अखेर दुसऱ्या वेंडरला काम दिले.

पॅनेलच्या ओळीत मला सर्वांत खटकलेले शब्द म्हणजे ‘अमुक कंपनी किंवा समतुल्य’. वारी, अदानी, टाटा ही नावे कोटेशनवर मोठी दिसतात, परंतु पुढे ‘समतुल्य’ असेल तर त्या नावाने वेंडर बांधला जात नाही. मी विचारले तेव्हा उत्तर आले, “काका, समतुल्य म्हणजे त्याच दर्जाचं हो!” दर्जा कोण ठरवणार, हे त्यात नव्हते, म्हणून मी पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्हींचे मॉडेल क्रमांक लिहून घेतले. सबसिडीसाठी पॅनेल डीसीआर असावे लागते, म्हणजे पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. ‘भारतीय बनावटीचे पॅनेल’ एवढ्याने भागत नाही, कारण आयात सेल वापरून इथे जोडलेले पॅनेलही त्याच नावाने विकले जाते आणि ते स्वस्त पडते. माल उतरला त्या दिवशी मी प्रत्येक पॅनेलमागचा अनुक्रमांक डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पाहिला आणि त्यानंतरच ते गच्चीवर चढू दिले. ‘२५ वर्षांची वॉरंटी’ ही बहुधा निर्मितीच्या प्रमाणाची असते. पॅनेल सदोष निघाल्यास ते बदलून देण्याची मुदत वेगळी आणि बरीच कमी असते, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे मागावेत.

काही महिन्यांच्या वापरात जिथे फरक डोळ्यांना दिसला ती बाब स्ट्रक्चर. कोटेशनमध्ये नुसते ‘जीआय स्ट्रक्चर’ लिहिलेले असते. त्यात वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आणि जस्ताचा पातळ थर असलेला साधा पाइप दोन्ही बसतात. आम्ही ८० मायक्रॉनचा थर, पाइपची जाडी आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट लिहून घेतले होते, शिवाय जागेवर वेल्डिंग करायचे नाही अशी अट घातली होती. वेल्डिंगच्या आचेने जस्त जळते आणि त्यावर चंदेरी रंग मारला की नव्या कामात काहीच कळत नाही. शेजारच्या गच्चीवर त्याच सुमारास बसवलेल्या सांगाड्यावर पहिल्या पावसातच सांध्यांवरचा रंग पोपडे धरून सुटला आणि तांबूस ओघळ स्लॅबवर उतरले. आमचे सांधे बोल्टचे आहेत, त्यांवर अद्याप डाग नाही. कोकणात खाऱ्या हवेमुळे ही ओळ आणखी काटेकोरपणे पाहावी लागेल.

अर्थिंगबाबत ‘लागेल त्याप्रमाणे’ हा शब्दप्रयोग मान्य करू नये. डीसी बाजू, एसी बाजू आणि आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा वीजरोधक यांच्यासाठी तीन स्वतंत्र खड्डे, हे संख्येसह लिहिलेले असावे. इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल वगळलेला असतो का, हेही पाहावे. क्षुल्लक वाटते, पण तो नसेल तर मोबाइलवर रोजची निर्मिती दिसत नाही आणि पॅनेलची एखादी जोडलेली माळ बंद पडली तर बिल येईपर्यंत पत्ता लागत नाही. देखभाल पाच वर्षे विनामूल्य असली तरी पॅनेल धुणे तीत आहे का, हे विचारावे. आमच्या करारात ते नाही. गच्चीवर नळ आधीपासून असल्याने आमचे निभावले.

पैशांच्या हप्त्यांबाबत मी अडून बसलो. मूळ कोटेशनमध्ये ८० टक्के आगाऊ आणि २० टक्के माल पोहोचल्यावर अशी अट होती, म्हणजे नेट मीटर लागण्यापूर्वीच सगळी रक्कम वेंडरच्या हाती गेली असती. घासाघीस करून १० टक्के नोंदणीला, ६० टक्के माल ताडून पाहिल्यावर, २० टक्के उभारणी झाल्यावर आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर चालू झाल्यावर, असे ठरले. मीटर लागले त्या दिवशी वीजरोधकाच्या खड्ड्याचे टेस्टरवरील माप घेतलेले नव्हते आणि डीसीआर प्रमाणपत्राची मूळ प्रतही वेंडरकडेच होती. १९,८०० रुपये बाकी असल्यामुळे दोन्ही गोष्टी त्याच आठवड्यात पूर्ण झाल्या.